हळदीच्या पेवातून गेमचा मेकॅनिक काढताना

प्रश्न: मिरजेत नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी बोर्ड गेम बनवायचा नाद आहे. सांगलीच्या हळदीवर गेम करायचाय. लिलाव घ्यावा तर तो आधीच आहे, पत्ते गोळा करणं आहे, फासे टाकून पीक वाढवणं आहे. जे सुचतं ते कुणीतरी केलेलंच निघतं. कुठंच नसलेला मूळ मेकॅनिक, म्हणजे गेम ज्या नियमावर चालतो तो, शोधायचा कसा? आणि सापडलाच तर तो चालणारा आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर:

तुम्ही मेकॅनिकच्या यादीत शोधताय, त्यामुळे यादीतलंच हाताला लागतंय. हळदीचा बाजार म्हटलं की लिलाव आठवणारच, पण लिलावाच्या गेमांचं तर पेव फुटलेलं आहे. राइनर क्निझियाच्या 'मॉडर्न आर्ट' या एकाच गेममध्ये १९९२ सालीच अनेक तऱ्हेचे लिलाव एकत्र येऊन गेले. त्या गल्लीत नवी जागा मिळेल, पण फार चिंचोळी.

आधी 'नवीन' या शब्दाचा धाक कमी करू. नावाजलेले मेकॅनिक बघितले तर त्यांत बहुतेक सगळं जुनंच असतं, फक्त एक नियम उलटा केलेला असतो. 'हानाबी'मध्ये (२०१०) पत्ते हातात उलटे धरायचे. माझे पत्ते सगळ्यांना दिसतात, मला सोडून. बाकी रंग आणि आकडे चढत्या क्रमानं लावणं हा आपल्या घरोघरच्या पत्त्यांतला प्रकार. 'डोमिनियन'च्या (२००८) आधी लोक पत्त्यांची गड्डी घरी जुळवून खेळायला यायचे. त्यात गड्डी जुळवणं हाच खेळ झाला. म्हणजे शोधायचा आहे तो एकच नियम, असा की तो बदलला की खेळणाऱ्याला आजवर न पडलेला प्रश्न पडावा.

तो नियम कुठून आणायचा? माझी सवय अशी की धंद्यात काय काय होतं याची यादी करायची नाही. कुणाचे हात कुठं बांधलेत ते बघायचं. पेरणी, काढणी, शिजवणं, वाळवणं, विकणं ही झाली कामं. कामांच्या यादीतून 'काम कर, माल मिळव, माल विक' असाच गेम निघतो आणि त्यावर हळदीऐवजी कापूस लिहिला तरी काही बिघडत नाही. अडचणीतून मात्र नियम निघतो, कारण अडचण म्हणजे निसर्गानं किंवा बाजारानं आधीच घालून दिलेला नियम.

तुमच्यापासून जवळच हरिपूर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ तिथं हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. तोंड अरुंद, आत पोटात रुंद, तळाला आणि कडेला ओल लागू नये म्हणून पाला, आणि भरल्यावर तोंड मातीनं लिंपून बंद. आता यात हात कुठं बांधलेत ते पाहा. तोंड एकच, म्हणून शेवटी टाकलेलं आधी निघतं. बंद असताना आत काय आहे ते दिसत नाही. उघडल्यावर लगेच उतरता येत नाही, आतली कोंदट हवा जाऊ द्यावी लागते, नाहीतर माणूस गुदमरतो. आणि एकदा लिंपण फोडलं की पेव रिकामंच करायचं.

चार अडचणी आहेत म्हणून चारही गेममध्ये घ्यायच्या नाहीत. मी दोन उचलतो: शेवटी टाकलेलं आधी निघतं, आणि एकानं उघडलं की सगळ्यांचा माल बाहेर येतो. खऱ्या व्यवहारात पेवात कुणाकुणाचा माल असे तो भाग सोडा. गेमपुरतं पेव सगळ्यांच्या सामाईक मालकीचं धरू. हवा जाऊ देण्याची अडचण मोहात पाडणारी आहे, पण तिच्यानं खेळणाऱ्याला फक्त थांबावं लागतं, काही ठरवावं लागत नाही. म्हणून ती बाहेर.

(बाजारातली दुसरी ओढ लावणारी गोष्ट म्हणजे रुमालाखाली बोटं धरून केलेली बोली. दिसायला झकास, पण गेममध्ये ती बंद पाकिटातली बोलीच होते, आणि एकाला अडत्या होऊन बाजूला बसावं लागतं. मी तिच्यावर वेळ घालवणार नाही.)

आता हे कागदावर न ठेवता खेळून बघायचं. बोर्ड नको, चित्रं नकोत. पत्त्यांचा एक कॅट घ्या. तिघे जण. एकाला इस्पिक, एकाला बदाम, एकाला चौकट. दुर्रीपासून नश्शीपर्यंतचे आठ पत्ते म्हणजे आठ पोती. आकड्याला किंमत नाही, पोतं म्हणजे पोतं. मध्ये पत्त्यांची चवड रचत जायची, ते पेव. एका चिठोऱ्यावर भाव लिहायचा. सुरुवातीला ४, आणि पेव बंद राहिलेल्या प्रत्येक पूर्ण फेरीनंतर एकानं वाढ. आपल्या पाळीला दोनच गोष्टी: एक पोतं वर टाका, किंवा पेव उघडा. पहिल्या दोन फेऱ्या उघडायला बंदी. उघडलं की वरून एकेक पोतं काढायचं. पहिलं चालू भावानं विकलं जातं, पुढचं प्रत्येक एका रुपयानं कमी, कारण माल बाजारात आला की भाव पडतो.

ऐकायला छान वाटतं. भाव वाढतोय, सगळ्यांची पोती एकात अडकलीत, कोण आधी फोडतो बघू. खेळायला बसलं की मात्र दहा मिनिटांत टेबल गप्प होतं. सगळे यंत्रासारखी पोती टाकत राहतात आणि कुणीच पेव उघडत नाही. का, ते आकड्यांत बघा.

दोन फेऱ्या झाल्या, भाव ६, पेवात सहा पोती. पुन्हा पहिल्याची पाळी. त्यानं उघडलं तर वरून तिसऱ्याचं ६ ला, दुसऱ्याचं ५ ला, पहिल्याचं ४ ला, मग याच क्रमानं ३, २, १. तिसऱ्याला ९, दुसऱ्याला ७ आणि उघडणाऱ्याला ५. बरं, त्यानं न उघडता सातवं पोतं टाकलं आणि दुसऱ्यानं उघडलं तर? आता पहिल्याला ९, तिसऱ्याला ७, आणि उघडणाऱ्या दुसऱ्याला पुन्हा ५. म्हणजे जो उघडेल त्याचं पोतं वरून तिसरं असणार हे ठरलेलं. उघडणं नेहमी तोट्याचं, टाकणं नेहमी बरं. नियम दोन पर्याय देतोय, पण निवडायला काहीच नाही.

ही पहिली चाचणी तुम्ही टेबलावर माणसं बोलावण्याआधीच करू शकता. गेममधला एक नेमका क्षण घ्या, दोन्ही पर्यायांचे पैसे मांडा. समोरच्यानं काहीही केलं तरी एकच पर्याय सरस ठरत असेल, तर तिथं मेकॅनिक नाही, नुसती रीत आहे. खेळताना तिची खूण म्हणजे हात थबकत नाहीत. पाळी आली, पत्ता पडला, पाळी गेली. चांगल्या मेकॅनिकमध्ये हात पत्त्यावर जातो, परत येतो, माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

इथं बहुतेक जण जे करतात ते करू नका, म्हणजे उघडणाऱ्याला भलं मोठं बक्षीस. ५ रुपये दिले तर उघडणाऱ्याचे १० होतात, तिसऱ्याचे ९. आता परवानगी मिळाल्या क्षणी पहिला पेव फोडतो, दर वेळी. आधी कुणीच उघडत नव्हतं, आता सगळे उघडतात. विचार दोन्हीकडे शून्य. आकडा हलवून तोल साधता येतो, पण जिथं प्रश्नच नाही तिथं आकडा प्रश्न निर्माण करत नाही.

प्रश्न कशानं निर्माण होईल? उघडणाऱ्याला आपल्यावर काय पडलंय ते नक्की माहीत आहे, हेच दुखणं आहे. म्हणून परत पेवाकडे जायचं. तिथं दोन गोष्टी आपण वापरल्याच नव्हत्या: बंद पेवातलं दिसत नाही, आणि आत पालाही असतो.

तर नवा नियम. प्रत्येकाला आपल्याच रंगाचे गुलाम, राणी, राजा द्या. हे तीन पत्ते म्हणजे पाला. सगळे पत्ते उपडे टाकायचे. पाळीला पोतं टाका नाहीतर पाला. उघडल्यावर पाला निघाला तर तो विकला जात नाही आणि त्यानं भावही उतरत नाही. पोती विकली गेली की गेली, पाला मात्र मालकाच्या हातात परत. उघडणाऱ्याला हमालीचे २ रुपये. उघडणाऱ्याच्या डावीकडचा पुढचं पेव सुरू करतो आणि भाव पुन्हा ४.

तोच क्षण पुन्हा मांडू. भाव ६, पहिल्या फेरीत तिघांनीही पोतीच टाकली होती असं धरू, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्यानं पोतं टाकलंय. बाकीच्या दोघांनी काय टाकलं ते त्याला माहीत नाही. दोघांनीही पोती टाकली असतील तर उघडणाऱ्याला हमाली धरून ७, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ९. फक्त दुसऱ्यानं पाला टाकला असेल तर उघडणाऱ्याला ९, तिसऱ्याला १० आणि दुसऱ्याला ३. फक्त तिसऱ्यानं पाला टाकला असेल तर पहिल्याला ९, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ४. दोघांनीही पाला टाकला असेल तर उघडणाऱ्याला ११, बाकीच्यांना ४ आणि ५.

आता बाकीचे दोघे काय विचार करतील? पहिला उघडणार असं वाटलं तर पोतं टाकावं, वरचा भाव मिळेल. तो उघडणार नाही असं वाटलं तर पाला टाकावा, म्हणजे पोतं खाली गाडलं न जाता हातात राहील. आणि पहिल्याचं उलटं: त्यांनी पाला टाकला असेल तर उघडावं, पोती टाकली असतील तर थांबावं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर, दुसऱ्याचं पहिल्याच्या, असं ते फिरत राहतं आणि कुठंच बसत नाही. हे न बसणं आपल्याला हवंय. तिथं गणित थांबतं आणि समोरचा माणूस वाचायला लागतो.

त्यात एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. पाला हातात तीनच आहे आणि कुणी किती पाला टाकला असावा याचा अंदाज प्रत्येक जण ठेवत असतो. एखाद्याचे दोन पाले लागोपाठ गेले असावेत असा वास आला की त्याच्या पुढच्या पत्त्याची भीती कमी होते किंवा वाढते, तुमचा पत्ता त्याच्या वर आहे की खाली यावर. म्हणून पाला परत देण्याचा नियम सोडू नका. नाही दिला तर गेमच्या शेवटच्या टप्प्यात कुणाकडेच पाला उरत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं की आता पडतंय ते पोतंच, आणि आपण पुन्हा त्या पहिल्या मुक्या टेबलावर येतो.

आता हे नवीन आहे का? मेकॅनिक तपासायचा तर आधी त्यातली हळद काढून एका वाक्यात सांगायचा: 'सगळ्यांचे उपडे पत्ते एकाच चवडीत, कुणीही चवड फोडू शकतो, वरचा पत्ता जास्त किमतीचा, काही पत्ते पोकळ.' हे वाक्य भरपूर गेम खेळलेल्या दोघा-तिघांना ऐकवा आणि कशाची आठवण होते ते विचारा. मला विचाराल तर पहिलं नाव 'स्कल'. २०११ पासून तो गेम आहे, त्यातही उपड्या चकत्या टाकतात, फूल किंवा कवटी, आणि कुणीतरी उलगडायला घेतं. पण तिथं प्रत्येकाची चवड वेगळी असते आणि उलगडणारा आपली चवड आधी उघडतो. तुमच्याकडे चवड एक आहे आणि कोण कुणाच्या वर पडलं यावर पैसे ठरतात. एवढा फरक पुरेसा आहे, कारण त्यानं निर्णय बदलतो. फुलाऐवजी हळकुंड काढलं असतं तर तो फरक नव्हता.

साम्य सापडलं म्हणून घाबरून टाकून देऊ नका. कायद्याच्या बाजूनं तर नाहीच. आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम ३ च्या (एम) खंडात, गेम खेळण्याची पद्धत पेटंट देण्याजोग्या शोधांत धरलेली नाही. कॉपीराइट लागतो तो नियमपुस्तिकेच्या लिखाणाला आणि चित्रांना. दुसऱ्याचा मजकूर किंवा चित्रं उचलू नका, एवढं पाळलं की झालं.

मर्यादाही सांगतो, कारण तुम्ही खेळायला बसलात की त्या पहिल्या दिवशीच दिसतील.

दोघांत हे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. भाव ६, पेवात चार पत्ते, पहिल्याची पाळी. दुसऱ्याचं वरचं पोतं असेल तर उघडणाऱ्याला ८ आणि हमाली २ मिळून १०, दुसऱ्यालाही १०. वरचा पाला असेल तर उघडणाऱ्याला १२, दुसऱ्याला ५. म्हणजे उघडण्यात तोटा कधीच नाही, मग तो उघडणारच. हमाली काढून टाका: ८ विरुद्ध १०, किंवा १० विरुद्ध ५. लगेच प्रश्न जिवंत होतो. म्हणजे हमालीचा आकडा माणसांच्या संख्येशी बांधलेला आहे. चौघांसाठी तो किती असावा हे वरच्यासारखंच मांडून काढा. चौघांत उघडणाऱ्याच्या पत्त्यावर तीन पत्ते असतात, हे ध्यानात ठेवून.

दुसरी मर्यादा तिघांच्या गेमची जुनी व्याधी आहे. शेवटी मागं पडलेला खेळाडू स्वतः जिंकू शकत नाही, पण पेव फोडून कुणाला जिंकवायचं ते ठरवू शकतो. भावाभावांत हे चालून जातं, ऑफिसातल्या मंडळींत रुसवे होतात. ही व्याधी पूर्ण जात नाही, पण मिळकत झाकून ठेवली तर बोथट होते. प्रत्येकानं आपले पैसे वाटीत किंवा मुठीत ठेवायचे. मग कोण पुढं आहे याची नक्की खात्री कुणालाच नसते. कुणाचीही आठ पोती टाकून संपली की गेम संपवा आणि शेवटचं पेव बिनहमालीचं उघडा.

पुराचं काय, हे तुम्ही विचारणार. कृष्णेचं पाणी, आयर्विन पुलाची फुटाफुटानं चढणारी पट्टी, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीकराच्या डोक्यात इतकं बसलंय की गेममध्ये यायला ते दारातच उभं असतं. आणि खऱ्या पेवांवरही पुरानंच घाला घातला. २००५ च्या पुराचं पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. तरी सुरुवातीला पूर घेऊ नका. पूर हे गेममधलं घड्याळ आहे. घड्याळ लावलं की वाईट मेकॅनिकसुद्धा थरारक वाटायला लागतो, कारण माणसं घड्याळाला घाबरून पेव उघडतात, एकमेकांना वाचून नव्हे. मग मूळ नियम चालतोय की पूर त्याला ओढतोय हे तुम्हाला कळणारच नाही. आधी पुराशिवाय खेळा. त्यातही लोकांनी 'अजून एक डाव' म्हटलं तर मग पाण्याचे पत्ते आणा, तेही थोडेच. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी घरात उभं राहून पाहिलंय त्यांच्यासमोर तो पत्ता उलटताना काय वाटतं, हेही एकदा बघून घ्या. मला स्वतःला पुराचा विजयचिन्हासारखा वापर रुचत नाही. सगळ्यांचा माल जाण्याची भीती म्हणून तो ठीक आहे.

चाचणीला माणसं निवडताना निदान एक जण बोर्ड गेम कधीच न खेळलेला असू द्या, पण रमी किंवा मेंढीकोट पट्टीचा खेळणारा. तुमच्या मित्रांना नियमांचं कौतुक असतं. या माणसाला नसतं. तो दुसऱ्याच डावात पाल्याचा काहीतरी असा वापर करेल जो तुम्ही धरला नव्हता. मध्ये बोलू नका, नियम समजावत बसू नका, भडंग खात शेजारी बसा आणि वहीत तीनच गोष्टी टिपा: हात कुठं थबकला, पेव कितव्या फेरीत उघडलं, आणि उघडल्यावर कोण ओरडलं. पेव सलग प्रत्येक वेळी तिसऱ्या फेरीतच उघडत असेल तर हमाली जास्त आहे. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत ताणत असेल तर हमाली कमी आहे किंवा भाव फार वेगानं वाढतोय. उघडण्याची फेरी डावागणिक बदलत असेल आणि ओरडणाराही बदलत असेल, तर आकड्यांना हात लावू नका आणि मग बोर्डाचं चित्र काढायला घ्या.